अर्ध्या तासाचे गुरुपद

सरकारी कचेरीत ज्याची नोकरी बरीच वर्षे निर्वेध चालली आहे आणि ज्याच्यावर अद्याप विभागीय चौकशी बसलेली नाही, अशा इसमाला अनुभवी समजण्याची रीत आहे. आणि या रीतीस अनुसरून जिल्हाधिकारी कचेरीतील एका शाखेचा अव्वल कारकून या नात्याने माझ्याकडेही नव्याने रुजू झालेली मुले अधूनमधून येतात, समोरच्या खुर्चीच्या अगदी कडेवर टेकतात, आणि "साहेब, तुमचं मार्गदर्शन असू द्या," एवढे बोलून, जणू काही फार मोठा कार्यभाग उरकला अशा मुद्रेने निघून जातात. या विनंतीस मी आजवर कधी नकार दिलेला नाही. ती सत्यनारायणाच्या आमंत्रणासारखी असते. बोलावणाऱ्याने बोलावले की त्याचे कर्तव्य संपते, आपण 'येतो' म्हटले की आपले संपते, आणि न गेल्याबद्दल पुढे कोणी कैफियत मागत नाही.

अशा उमेदवारांपैकी एक मात्र खरोखरच फिरून आला. "मला सगळंच शिकायचं आहे," असे तो म्हणाला. आणि सगळे शिकू इच्छिणारा मनुष्य कचेरीत विरळा असल्यामुळे मी जमाबंदीपासून आरंभ करून, वाटेत दोन दुष्काळ, एक निवडणूक आणि माझी स्वतःची अन्यायाने झालेली बदली यांचा सविस्तर परामर्श घेत, दिवेलागणीच्या सुमारास कुळकायद्यापर्यंत येऊन पोहोचलो. मला तो प्रसंग अत्यंत यशस्वी वाटला. दुसऱ्या दिवसापासून तो तरुण उपाहारगृहात मला पाहिले की ताट उचलून खांबाआड जाऊ लागला. त्याचा तरी काय दोष? ज्याने सगळे मागितले त्याला कमी मिळाले की जास्त, हे ठरविण्याचे मापच त्याच्यापाशी नव्हते, आणि थांबा म्हणण्याची सोयही त्याने स्वतःसाठी ठेवली नव्हती.

या पार्श्वभूमीवर अपील शाखेतील एक लिपिक मुलगी एका दुपारी आली आणि तिने माझ्यापुढे अर्ध्या पानाचा एक कागद ठेवला, तेव्हा तो रजेचा अर्ज असावा असे समजून मी लेखणी उचलली होती. वाचू लागलो तो मजकूर असा: 'अपिलाच्या छाननीची टिपणी एका पानात अशी लिहिता यावी की अपील मुदतीत आहे काय, ते ऐकण्याचा अधिकार कोणास आहे, आणि कोणते कागद कमी आहेत, या तीन गोष्टी वरिष्ठांस पहिल्याच परिच्छेदात सापडाव्यात. यासाठी एक आड एक गुरुवारी सायंकाळी पाच ते साडेपाच असा वेळ, तीन महिन्यांपुरता, मिळावा. टिपणी मी आदल्या दिवशी आणून देईन. निकाली निघालेल्या प्रकरणांच्याच टिपण्या आणीन. आमच्या अव्वल कारकुनांना कल्पना दिली आहे. आपणास सवड नसल्यास तसे सांगावे, मला वाईट वाटणार नाही.'

मला वाईट वाटले, ही गोष्ट वेगळी. सहा बैठका, प्रत्येकी अर्धा तास, म्हणजे एकंदर तीन तास! आयुष्यभराच्या अनुभवाचे साठे आपण उराशी बाळगून बसावे, ते कोणाच्या ओटीत घालावेत या विवंचनेत असावे, आणि समोरच्याने त्यांतून एका पानाची टिपणी तेवढी बांधून मागावी, हे कोणत्याही ज्येष्ठ मनुष्याच्या प्रकृतीस मानवणारे नव्हे. शिवाय हा कागद असा लिहिला होता की त्यावर 'बघू' म्हणण्यास जागाच नव्हती. मोघम विनंतीला मोघम होकार देऊन दोन्ही पक्षांना सुखाने राहता येते. येथे मात्र गुरुवार नेमलेला, घटका नेमलेली, समाप्तीही नेमलेली. हो म्हणावे तर खरोखर बसावे लागणार, आणि नाही म्हणावे तर तीन तासांसाठी नाही म्हणणारा मनुष्य किती लहान दिसतो!

तरीही मी दोन-तीन सबबी पुढे केल्या. मी तुमच्या शाखेचा नाही, असे म्हणालो. त्यावर ती म्हणाली, "म्हणूनच आले, सर. आमच्या साहेबांना वाईट टिपणी दाखवली तर ती त्यांच्या लक्षात राहील, आणि मार्चअखेर गोपनीय अहवाल लिहायची वेळ आली की पुन्हा आठवेल. तुम्ही पूर्वी अपील शाखेत होता, आणि माझा अहवाल तुमच्याकडे येत नाही." या उत्तरात मुत्सद्देगिरी होती, पण त्याहून अधिक शहाणपण होते. ज्याच्या हाती आपली बढती आहे त्याला आपण आपले चांगले तेवढे दाखवितो. आणि शिकायचे असते ते वाईटावरून. तिने आपल्या अव्वल कारकुनांना आधी सांगून ठेवले होते तेही फार बरे केले, नाहीतर 'आमच्या शाखेतल्या मुलीला परस्पर शहाणी करणारे तुम्ही कोण?' याचा खुलासा मला जिन्यात द्यावा लागला असता. निकाली प्रकरणांची अटही मला प्रथम भित्रेपणाची वाटली. पुढे ध्यानात आले की चालू प्रकरणातील टिपणी मी दुरुस्त करू लागलो असतो, तर दुसऱ्या शाखेच्या निर्णयात माझा अदृश्य हात शिरला असता, आणि त्याचा बोभाटा व्हायला एक गुरुवार पुरला असता.

पहिल्या बैठकीसाठी आलेली टिपणी चार पानांची होती. फेरफाराच्या वादात प्रांत अधिकाऱ्यांनी दिलेल्या आदेशाविरुद्धचे ते अपील. आणि टिपणीचा आरंभ वादातल्या शेतजमिनीच्या मूळ पुरुषापासून झालेला. त्याला किती मुलगे, त्यांतला कोण निपुत्रिक वारला, वाटणीच्या वेळी विहीर कोणाकडे गेली, हे सर्व अतिशय वाचनीय होते, आणि कादंबरी म्हणून मी त्यास मान्यता दिली असती. वरिष्ठांनी मात्र त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारून नस्ती परत पाठविली होती. ज्यांनी कचेरी पाहिलेली नाही त्यांना सांगितले पाहिजे की हा शेरा दिसतो मोठा सलोख्याचा, परंतु त्याचा आशय 'तुम्ही काय लिहिले आहे ते मला कळले नाही, आणि ते शोधून काढण्याची माझी इच्छा नाही' एवढाच असतो.

मी सवयीप्रमाणे लाल शाई काढली आणि पहिला परिच्छेद खोडण्यास उद्युक्त झालो, तोच ती म्हणाली, "सर, खोडू नका. वाचता वाचता जिथे अडलात तिथे फक्त रेघ मारा. तुम्ही लिहून दिलंत तर ती तुमची टिपणी होईल." माझ्या हयातीत मला लेखणी आवरण्यास कोणी सांगितले नव्हते. पण मी रेघा मारीत गेलो, आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी जी रेघ पडली तिच्यापाशी आम्ही दोघेही थांबलो. तेथे असे लिहिले होते की आदेश 3 जूनचा, अपील दाखल झाले 12 ऑगस्टला, म्हणजे सत्तर दिवसांनी. मुदत साठ दिवसांची. सबब अपील मुदतबाह्य दिसते. आणि चौथ्या पानावर, एका कंसात, अगदी जाता जाता, अपीलदारास आदेशाची प्रत 20 जूनला मिळाल्याचा उल्लेख होता.

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 हिच्या कलम 250 प्रमाणे, जिल्हाधिकाऱ्यांहून खालच्या दर्जाच्या महसूल अधिकाऱ्याच्या आदेशावर साठ दिवसांत अपील करावे लागते. पण हे दिवस मोजायचे ते आदेशाच्या तारखेपासून नव्हेत, तो अपीलदाराच्या हाती पडला त्या तारखेपासून. मी काही बोललो नाही. तिनेच बोटांवर मोजले. 20 जून ते 12 ऑगस्ट, त्रेपन्न दिवस. अपील मुदतीत होते! सुदैवाने वरिष्ठांनी चर्चेत ही गोष्ट हेरली होती आणि प्रकरण रीतसर सुनावणीस लागले होते. परंतु हेरण्याचे काम ज्या टिपणीने करायचे तिने ते मूळ पुरुषाच्या वंशावळीखाली पुरून ठेवले होते. पुढच्या खेपेस तिने आणलेल्या टिपणीत आदेशाची, प्रत मिळाल्याची आणि अपील दाखल झाल्याची अशा तीन तारखा पहिल्याच ओळीत होत्या आणि मूळ पुरुष अजिबात नव्हता. खरे सांगायचे तर मला त्याची थोडी चुकचुक लागली.

यापुढील बैठकांचे वर्णन लांबविण्यात अर्थ नाही, कारण चांगल्या चाललेल्या गोष्टीत सांगण्यासारखे फारसे नसते. मधूनच मला एखादी जुनी भानगड आठवे. ती पाच मिनिटे शांतपणे ऐके, आणि मग टिपणीवरील पुढच्या रेघेवर बोट ठेवी. एका गुरुवारी तिच्यापाशी टिपणीच नव्हती. मी म्हटले, हरकत नाही, बसा, गप्पा मारू. ती म्हणाली, "मग आज दहाच मिनिटं, सर," आणि मागील टिपणीतला राहिलेला एक मुद्दा विचारून निघून गेली. मी दोन चहा सांगून बसलो होतो. दोन्ही मलाच प्यावे लागले. तथापि आज विचार करता वाटते की कामाचा कागद न आणता नुसते भेटणे ज्या दिवशी सुरू होते, त्या दिवशी शिकवणी संपून चहा सुरू होतो, आणि मग तो चहा कोणी बंद करायचा या संकोचात दोन भली माणसे वर्षानुवर्षे अडकून पडतात. एक बैठक मंत्र्यांच्या दौऱ्यात बुडाली, ती भरून काढण्याचे मी सुचविले. तिने मुदत वाढविली नाही.

शेवटच्या गुरुवारी तिने आपली छोटी वही दाखविली. आरंभी दहा टिपण्यांपैकी सहांवर 'चर्चा करावी' येत असे, आता दोहोंवर येत होते. आणि त्या दोहोंपैकी एकीत वरिष्ठांनाच खरोखर चर्चा करावयाची होती. शाल नाही, श्रीफळ नाही. एका पानाची एक टिपणी तेवढी तिने मला वाचायला दिली, आणि तिच्यावर मला कोठेही रेघ मारता आली नाही. शिकविणाऱ्याला यासारखा अपमान दुसरा नाही, आणि मी तो आनंदाने सोसला.

हा प्रकार कचेरीत षट्कर्णी झाल्यावर दुसऱ्या एका शाखेतील एक गृहस्थ त्याच धर्तीचा कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यात अकरा उद्दिष्टे होती, त्यांपैकी सातवे 'व्यक्तिमत्त्व' एवढेच होते. वेळ दर आठवड्यास दोन तास मागितला होता आणि समाप्तीचा रकाना कोरा होता. मी त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारून कागद परत केला. ते अद्याप चर्चेस आलेले नाहीत.

माझे गुरुवार सध्या मोकळे आहेत. कोणास यावयाचे असल्यास त्याने एकच उद्दिष्ट, स्वतः लिहिलेली एक वाईट टिपणी आणि शेवटच्या बैठकीची तारीख घेऊन यावे. आपल्या अव्वल कारकुनांना आधी सांगावे. आणि माझ्या बदलीचा विषय निघाल्यास घड्याळाकडे निःसंकोच पाहावे, मी रागावणार नाही.