संशयरावांच्या रविवारचं मटण

रा. रा. संशयराव यांस,
स. न. वि. वि.

आपलं पत्र पोचलं. या सदरात 'स्त्रीवाद' हा शब्द छापून आला आणि आपला सकाळचा चहा कडू झाला, हे वाचून वाईट वाटलं. स्त्रीवाद हे रिकामटेकड्या बायकांचं खूळ आहे, आपल्या घरी समानता केव्हाच येऊन स्थिरावली आहे, कायदे झाडून सगळे बायकांच्या बाजूचे आहेत आणि एवढं करूनही बाईच बाईची शत्रू आहे, असं आपण कळवता. पोस्टकार्डाच्या मानानं ऐवज मोठा आहे. घरच्या समानतेचा पुरावा म्हणून शेवटी एक ओळ आहे : 'आमच्याकडे रविवारचं मटण मीच करतो.'

हा पुरावा मी हसण्यावारी नेणार नाही. आपल्या हातचं मटण मी खाल्लंय आणि ते उत्तम असतं. फक्त त्या दिवशी स्वयंपाकघराच्या दारात माझी खुर्ची होती, त्यामुळे जरा जास्त दिसलं.

सकाळी आपण पिशवी घेऊन निघालात, खाटकाशी नळीवरून हुज्जत घातलीत आणि किलोभर मटण ओट्यावर ठेवून पेपर उघडलात. ते धुऊन, हळद-मीठ आणि आलं-लसूण चोळून झाकून ठेवलं वहिनींनी. कांदे उभे चिरले त्यांनी. सुकं खोबरं खरपूस भाजलं, खसखस, धणे, लवंगा परतल्या, वाटण वाटलं तेही त्यांनी. सुकं खोबरं संपलंय हे त्यांच्या शुक्रवारीच लक्षात आलं होतं, म्हणून तर ते रविवारी घरात होतं. मग अकराच्या सुमारास आपण बनियनवर पंचा बांधून आत आलात, वाटण तेल सुटेपर्यंत जिवाच्या कराराने परतलंत (ते कसब आपलंच, नाकारत नाही), कुकरचं झाकण लावलंत आणि बाहेर येऊन म्हणालात, "बायकांना मटण जमत नाही." तोवर आत भाकऱ्या थापल्या जात होत्या, भात लागला होता, मातोश्री मटण खात नाहीत म्हणून त्यांच्यापुरतं वरण शिजत होतं. जेवणं झाली. वाहवा झाली. आपण आडवे झालात. त्यानंतर तो ओशट कुकर, कढई, खलबत्ता आणि फोडणी उडालेली ओट्यामागची फरशी या चौघांशी गरम पाण्यानं कोण झगडलं, हे आपण पाहिलं नसेल, कारण आपण घोरत होता.

आता आपल्याला वाटेल, हा माणूस भांडी घासायला लावतोय. तसं नाही. स्त्रीवाद म्हणजे पुरुषानं स्वयंपाक शिकणं, हा आपला पहिला गैरसमज. स्वयंपाक आपल्याला येतोच की. मुद्दा असा आहे की रविवारी आपल्याला कंटाळा आला तर मटण होत नाही, एवढंच. मंगळवारी वहिनींना कंटाळा आला तर घरात आणीबाणी लागते. आपल्या कामाला सुट्टी आहे, कौतुक आहे, प्रेक्षक आहेत. त्यांच्या कामाला त्यातलं काही नाही, आणि खोबरं संपलंय हे शुक्रवारी लक्षात येणं, ही तर कामाच्या यादीतच नसलेली गोष्ट. ती कोणाकडे आहे हे ओळखायची खूणही सोपी आहे. घरात दिवसभर 'अगं, हे कुठं ठेवलंय?' असं विचारणारा एक असतो आणि ते सांगणारं दुसरं कोणी असतं. गॅसचा नंबर कधी लावायचा, धाकट्याची लस कधी, मावशीच्या नातीच्या बारशाला काय न्यायचं, हे ज्याच्या डोक्यात फिरत असतं, तो ते घर चालवतो. बाकीचे त्या घरात राहतात.

हे एकट्या आपल्या घरचं नाही, त्यामुळे लाजू नये. केंद्र सरकारच्या सांख्यिकी कार्यालयानं 2019 साली देशभर लोकांच्या चोवीस तासांची पाहणी केली. घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात रोजची सरासरी 299 मिनिटं भरली आणि पुरुषांची 97. बरं, ही 97 मिनिटं फक्त काम करणाऱ्या पुरुषांची. असे पुरुष चारात जेमतेम एक निघाले. उरलेले तिघे बहुधा समानता आली आहे का, यावर चर्चा करत होते.

यावर आपलं ठेवणीतलं उत्तर तयार असेल : घरचं काम मायेचं, त्याला किंमत लावायची नसते. लावायची नसते खरी, पण कोर्टाला लावावी लागते. गृहिणी अपघातात गेली की भरपाई ठरवताना तिचं उत्पन्न काय धरायचं, हा प्रश्न येतोच. जमशेदपूरच्या 1989च्या आगीत मेलेल्या माणसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली गृहिणीच्या कामाचं मोल महिना 3,000 रुपये धरलं. मोटार वाहन कायद्याच्या जुन्या परिशिष्टात तर साधा हिशेब होता : बिनकमाईच्या जोडीदाराचं उत्पन्न म्हणजे कमावत्याच्या एक तृतीयांश. म्हणजे नवऱ्याला पगारवाढ मिळाली की बायकोच्या पोळ्या आपोआप महागणार. पुढे 2010 साली याच न्यायालयानं जनगणनेचे कान उपटले, कारण 2001च्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत 'अनुत्पादक' म्हणून बसवलं होतं. आपल्या घरची अनुत्पादक व्यक्ती चार दिवस माहेरी गेली की उत्पादन कसं ठप्प होतं, हे मी नव्यानं सांगायला नको.

आता कायद्यांकडे येऊ. कचेरीत हल्ली बाईशी बोलायची चोरी झाली आहे, एक अर्ज आला की पुरुषाची नोकरी गेलीच, असं आपण लिहिता. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013चा कायदा आपण वाचलेला नाही. त्यात रागावण्यासारखं काही नाही, कारण आपल्या कचेरीनंही वाचलेला नसणार. दहा किंवा अधिक माणसं कामाला असली की तक्रार समिती नेमावी लागते. तिची अध्यक्ष वरिष्ठ हुद्द्यावरची स्त्री, निम्म्या तरी सदस्य स्त्रिया आणि एक सदस्य बाहेरची. तक्रार लेखी आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची. तिची प्रत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला मिळते, उत्तर द्यायला मुदत मिळते, साक्षीदार देता येतात. चौकशी 90 दिवसांत संपवायची. तक्रार जाणूनबुजून खोटी निघाली तर तक्रार करणारीवर कारवाईची तरतूद त्याच कायद्यात आहे. मात्र तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही, असंही त्यात स्पष्ट लिहिलंय. आपण या दोन गोष्टींची मिसळ करता आणि मग दुपारच्या डब्याच्या वेळी घाबरता.

प्रत्यक्षात बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. समिती बोर्डावर असते, तिच्या सदस्यांची नावं कोणाला ठाऊक नसतात, बाहेरची सदस्य साहेबांच्या ओळखीतली निघते. तक्रार आलीच तर आधी त्या बाईची बदली होते, 'तिच्याच सोयीसाठी'. आणि खबरदारी म्हणून साहेब पुढच्या दौऱ्यावर एकाही बाईला नेत नाहीत. वर्षअखेरीस बढतीच्या यादीत दौऱ्यांचा अनुभव पाहिला जातो. मग साहेब हळहळतात, "बायका पुढे येतच नाहीत हो!"

बाळंतपणाच्या रजेचंही तसंच. 2017 पासून पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे भरपगारी रजा आहे. आपण म्हणता, फुकटचा पगार. पण खासगी नोकरीत तो बहुतेक वेळा मालकाच्या खिशातून जातो आणि बापाला तिथे एका दिवसाच्या रजेचाही कायदा नाही. त्यामुळे मालकाच्या वहीत मूल हा बाईचा खर्च म्हणून मांडला जातो आणि मुलाखतीत पोरीला विचारतात, "लग्नाचं काय ठरवलंय?" बापालाही रजा द्या, रजेचा भार सगळ्या समाजानं उचलावा, ही मागणी करणारे लोक स्त्रीवादीच आहेत. त्यांना आपण खूळ लागलेले म्हणता.

राहता राहिली बाईची शत्रू बाई. सासूनं सुनेचा छळ मांडला की आपण विजयी मुद्रेनं म्हणता, पाहा! पाहिलं. त्या सासूच्या हाती उभ्या आयुष्यात एकच सत्ता आली, ती पिठाच्या डब्याच्या चावीची, आणि तीही मुलगा झाला म्हणून. स्वतःच्या नावावर ना घर, ना सातबारा, ना बँकेत काही. ती चावी सोडायची कशाच्या भरवशावर? तिच्या वागण्याचं समर्थन मी करणार नाही, पण भांडण लावणारी मांडणी कोणाची, ते बघा. आणि हो, आमच्या पुढारलेल्या घरांनाही सांगायचं तर, नवरा-बायको दोघं समसमान सोफ्यावर बसलेली असतात, कारण त्या वेळी भांडी घासायला तिसरी बाई आलेली असते. तिच्या खाड्याचे पैसे कापताना दोघांचं कधी नव्हे ते एकमत होतं. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात आपल्याकडच्या बाईची नोंद आहे का, हे विचारायला आमच्यातल्या कडव्या स्त्रीवादी मंडळींनाही सवड झालेली नसते.

शेवटचा आक्षेप सगळ्यात मोठा : हे सगळं पुरुषांच्या विरुद्ध आहे. यावर भारतीय दंड विधानातलं जुनं 497 कलम आठवून पाहा. परस्त्रीशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषाला त्यात पाच वर्षांपर्यंत कैद होती. त्या स्त्रीला शिक्षा नव्हती, कारण कायद्याच्या लेखी तिला स्वतःचं मतच नव्हतं. तिच्या नवऱ्याची संमती असेल तर मात्र गुन्हाच होत नव्हता. शेजाऱ्याची मोटार त्याला विचारून नेली तर चोरी कशी होईल? आपल्यासारख्यांना हे कलम बायकांना झुकतं माप देणारं वाटायचं. बायको ही नवऱ्याची मालमत्ता नाही, तिला स्वतंत्र इच्छा आहे, हा शुद्ध स्त्रीवादी युक्तिवाद मान्य करून सर्वोच्च न्यायालयानं 27 सप्टेंबर 2018 रोजी ते रद्द केलं. कोर्टात गेलेला अर्जदार जोसेफ शाईन हा पुरुष होता, आणि त्या निकालानं तुरुंगाची टांगती तलवार उतरली तीही पुरुषांच्याच डोक्यावरून.

कळावे, लोभ असावा.