पाचवीच्या निम्म्या मुलांना निरक्षर ठरवण्याची पद्धत

एम.एड.च्या निबंधाला पहिलं वाक्य ठणठणीत लागतं. ‘भारतातल्या पाचवीच्या निम्म्या मुलांना वाचताच येत नाही’ हे त्या कामी उत्तम. ते एखाद्या ब्लॉगवरून उचलावं, पुढे ‘एका सरकारी अहवालानुसार’ जोडावं आणि चहाला जावं. गाइड सर सही करतात.

ज्या उमेदवाराला बाहेरच्या परीक्षकाचा धाक असेल, त्याने मात्र थोडी कटकट करावी. हा आकडा आला कुठून, एवढंच ब्लॉगमध्ये शोधावं. शोधता शोधता बहुधा ‘असर’ हे नाव सापडतं. मग ‘असर 2024’चा मूळ अहवाल उघडावा, आणि उघडताच कळतं की तो सरकारी नाहीच. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेचा आहे. जाडजूड पीडीएफ आणि आत राज्यवार तक्ते दिसले की उमेदवार आपोआप सरकारला श्रेय देतो. ही सवय सोडावी.

पुढे वाचलं तर आणखी पंचाईत होते. पाहणी घरोघरी जाऊन केलेली, पण फक्त ग्रामीण भागात. म्हणजे ‘भारतातल्या’ हा शब्द गेला. पाचवीतल्या 48.8 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, असं तक्ता सांगतो. चाचणीत अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट अशा पायऱ्या असतात. गोष्टीवर अडखळलेल्या मुलाने परिच्छेद नीट वाचलेला असू शकतो. ब्लॉगवाल्याने त्याला थेट निरक्षर केलं. ‘वाचताच’मधला ‘च’ हा त्याचा स्वतःचा शोध.

खरा सरकारी आकडाच हवा असेल तर राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण आहे. ही परीक्षा शाळेत व्हायची. ‘सरकारी म्हणजे पक्कं’ असं म्हणून इथे थांबायचा मोह होईल. पण 2021 मध्ये जॉन्सन आणि पराडो या संशोधकांनी ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ एज्युकेशनल डेव्हलपमेंट’मध्ये या सर्वेक्षणाचे आकडे ‘असर’शी आणि आणखी एका घरोघरच्या पाहणीशी ताडून पाहिले. सरकारी सरासरी बरीच चढी निघाली, आणि राज्यांचा क्रम इतर दोन पाहण्यांशी जवळजवळ जुळलाच नाही. जर्नलमधल्या लेखाचं काम हे असं असतं: आकडा कसा गोळा झाला, हे तो उघडून दाखवतो.

अर्थात ‘जर्नल’ ही पाटी कुणीही लावू शकतो. पैसे भरा, चार दिवसांत छापून घ्या, असा धंदा जोरात आहे. म्हणून लेखात नमुना किती, कुठला, कसा निवडला हे लिहिलंय का ते पाहावं. नसेल तर तोही ब्लॉगच, फक्त दोन रकान्यांत छापलेला.

आणि मूळचा ब्लॉग? तो संदर्भयादीत खुशाल घ्यावा, पण लेखकाच्या नावानिशी आणि त्याचं मत म्हणून. आकडा मात्र अहवालाचं पान उघडूनच लिहावा, ‘ग्रामीण’ आणि ‘दुसरीच्या पातळीचा’ या शब्दांसकट.