खेपा नकोत, ब्रास दाखवा

घर बांधताना शेवटचं भांडण बहुतेक वेळा वाळूवरून होतं. सिमेंटच्या गोण्या मोजता येतात, सळई वजनावर येते, विटा हजाराच्या हिशेबाने उतरतात. वाळू मात्र खेपेने येते आणि खेपेनेच बिलात चढते. आमच्या वरच्या मजल्याचं अंतिम बिल आलं, तेव्हा त्यात पाच खेपा जादा लावलेल्या होत्या. त्यावर ठेकेदारांना पाठवलेलं पत्र, नाव-गाव काढून, इथे देतो. ज्यांच्या दारात आज वाळूचा ढीग पडलेला आहे, त्यांनी ते आजच वाचावं. गिलावा झाल्यावर मोजायला फारसं काही उरत नाही.

श्री. ठेकेदारसाहेब,

स. न. वि. वि.

तुमचं बिल मिळालं. वीटकाम, गिलावा, मजुरी, परांची यांच्या रकमा ठरल्याप्रमाणे आहेत. त्यांचा धनादेश सोबत जोडला आहे. माझा वाद फक्त एका ओळीशी आहे : ‘जादा वाळू, 5 खेपा = 5 ब्रास, दर 6,000, एकूण 30,000 रुपये.’ ही ओळ मला मान्य नाही. का नाही, ते सविस्तर सांगतो.

आपल्या अंदाजपत्रकात वाळू सात ब्रास धरली आहे. त्याखाली तुमच्याच अक्षरात लिहिलं आहे की मालकाने वाढीव काम सांगितलं तरच जादा माल आकारला जाईल. म्हणजे आपला करार ब्रासमध्ये आहे. खेप हे तुमच्या आणि तुमच्या पुरवठादाराच्या हिशेबातलं माप आहे, माझ्या करारातलं नाही. सातच्या बारा खेपा झाल्या म्हणून सातचे बारा ब्रास होत नाहीत.

एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. आपल्याकडे आलेल्या सगळ्या बारा खेपा एकाच ट्रॉलीने आल्या. शेवटच्या खेपेला मी ड्रायव्हरसमोर त्या ट्रॉलीला आतून टेप लावला. लांबी साडेनऊ फूट, रुंदी पाच फूट दहा इंच, फाळक्यापर्यंतची उंची दीड फूट. गुणाकार करा, 83 घनफूट येतात. ड्रायव्हर म्हणाला, ‘वर ढीग असतो ना साहेब.’ ढीग असतो, पण भरताना. खाणीवरून इथे येईपर्यंत रस्ताभर हादरे खाऊन तो बसतो. आपल्या फाटकात ट्रॉली शिरली तेव्हा वाळू फाळक्याच्या पातळीला होती, आणि तुमचे मिस्त्री तिथेच उभे होते. तेव्हा बारा खेपांचे झाले 996 घनफूट, म्हणजे दहा ब्रास. पाचपैकी दोन ब्रास टेपनेच गेले.

आता दुसरी गोष्ट. ही तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवी. आपली वाळू वॉशिंग प्लँटवरून थेट येत होती. हातात घेतली की मूठ वळायची. अशी ओलसर वाळू फुगलेली असते. प्रत्येक कणाभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, तो शेजारच्या कणाला लांब धरतो, आणि तेवढीच वाळू जास्त जागा अडवते. पूर्ण कोरडी वाळू फुगत नाही. पूर्ण पाण्यात बुडवली तरी फुगत नाही, कारण मग तो थरच राहत नाही आणि कण खाली बसतात. सगळ्यात जास्त फुगते ती मधली, पाच-सहा टक्के ओलीची. आणि वाळू जितकी बारीक, तितकी फुगवट जास्त. साधारण वाळू वीस-तीस टक्के सहज फुगते, गिलाव्याची बारीक वाळू त्याहूनही वर जाऊ शकते.

हे मी पुस्तकातून तुमच्या तोंडावर फेकत नाही. तुमच्या मिस्त्रींसमोर ढिगाच्या आतली वाळू काचेच्या सरळ बरणीत सैलसर भरली, वरून सपाट केली आणि उंची मोजली. सहा इंच भरली. ती काढून घेतली, बरणी अर्धी पाण्याने भरली, तीच वाळू थोडी थोडी परत टाकली आणि सळईच्या तुकड्याने ढवळून बसू दिली. वाळू पाच इंचांवर थांबली. पाच इंच वाळू सहा इंचांची जागा अडवत होती, म्हणजे फुगवट वीस टक्के. भारतीय मानक 2386 च्या तिसऱ्या भागात फुगवट तपासायची हीच पद्धत दिली आहे. बरणी, पाणी आणि पट्टी एवढंच तिला लागतं. तुम्ही परत करून पाहा. आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तर मी तुमचा आकडा धरेन.

दहा ब्रास ओली वाळू वीस टक्के फुगलेली असेल, तर कोरडी भरते 8.3 ब्रास. तुम्ही म्हणाल की बाजारात वाळू ओलीच मिळते, ओलीच मोजतात. खरं आहे. पण अंदाजपत्रकातले सात ब्रास एकास सहा आणि एकास चार या मालाच्या प्रमाणावरून काढलेले आहेत, आणि ती प्रमाणं कोरड्या वाळूची असतात. पुरवठादाराकडून फुगलेली वाळू घ्यायची आणि करार कोरडीचा ठेवायचा, तर मधला फरक खरेदी करणाऱ्याने आधीच दरात धरायचा असतो. खरेदी तुमची होती. शिवाय घमेल्याने माल मोजताना ही फुगवट सोडली नाही, तर प्रत्यक्षात वाळू कमीच पडते आणि गोण्या जास्त संपतात. साइटवर सिमेंट का जास्त लागलं म्हणून तुम्ही त्या आठवड्यात मिस्त्रींवर ओरडला होतात. त्याचं एक कारण हेही असणार.

आता भिंतीकडे येऊ. वाळू कुठे गेली, ते शेवटी भिंतच सांगते.

दारं-खिडक्या वजा करून वीटकाम 800 घनफूट भरलं. मोजमाप तुमच्याच वहीतलं आहे. शंभर घनफूट वीटकामाला एकास सहाच्या मालात साधारण 33 घनफूट कोरडी वाळू लागते. म्हणजे 264. आतला गिलावा 2,600 चौरस फूट आहे, शंभर चौरस फुटांना साडेपाच घनफूट धरले तर 143. बाहेरचा दोन हातांचा गिलावा 1,500 चौरस फूट, शंभराला साडेआठ धरले तर 128. बेरीज 535 घनफूट. त्यावर सांडलवंड, चाळ, मातीत मिसळलेली वाळू यांसाठी पंधरा टक्के धरा. सव्वासहा ब्रासच्या आतच हिशेब बसतो. तुमचा सात ब्रासचा अंदाज म्हणूनच चोख होता. मी त्याला तेव्हा हरकत घेतली नाही, आजही घेत नाही.

फोनवर तुम्ही म्हणालात, गिलावा जाड बसला. हे मी तपासलं. स्विचच्या बॉक्सची कड अजून उघडी आहे, तिथे पट्टी लावली की गिलाव्याची जाडी सरळ दिसते. हॉलमध्ये 13 मिलिमीटर, स्वयंपाकघरात 14. ठरली होती 12. इतका फरक कोणत्याही कामात पडतो. मागच्या खोलीच्या पूर्वेच्या भिंतीवर मात्र तो 20 मिलिमीटर भरला. कारण ती भिंत ओळंब्यात नाही. वरून खाली दोरी सोडून तुम्हीच पाहा. मधल्या थरांवर ती बाहेर सरकली आहे, आणि तो तिरपेपणा झाकायला मिस्त्रींनी माल भरला. भिंत तुमच्या माणसांनी बांधली. तिचा वाक सरळ करायला लागलेली वाळू ‘मालकाने सांगितलेलं वाढीव काम’ होऊ शकत नाही. त्या एका भिंतीवर वाळू फारशी गेलीही नाही, पण जाड गिलावा एकाच हातात भरला असेल तर तो पुढे सुटतो, तडकतो. वाळूच्या पैशांपेक्षा मला त्याची काळजी जास्त आहे. लाकडी मुठीने तिथे ठोकून पाहा, पोकळ आवाज आला तर तेवढा भाग काढून दोन हातांत करून द्यावा लागेल.

वाढीव काम एकच झालं. पॅरापेट तीन फुटांचा ठरला होता. घरात लहान मुलं आहेत म्हणून मी तो चार फुटांचा करायला सांगितला. वरच्या एका फुटाचं वीटकाम आणि दोन्ही बाजूंचा गिलावा मिळून अर्धा ब्रास वाळू लागली असं मी धरतो. तिचे 3,000 रुपये धनादेशात घातले आहेत. विटा, सिमेंट आणि मजुरी तुम्ही वेगळी लावलीच आहे, तीही दिली आहे.

उरला तो ढीग. फाटकाजवळ वाळू पडलेली आहे. सपाट करून मोजली तर कोरड्या हिशेबाने एक ब्रास भरते. तुम्ही परवा ट्रॅक्टर पाठवून ती उचलायचं बोललात, आणि त्याच वेळी बिलात पाचही ब्रास माझ्या नावावर लावले. दोन्ही एकदम होणार नाही. ढीग नेणार असाल तर त्याचे पैसे माझ्याकडे मागू नका. ठेवणार असाल तर अंगणाच्या फरशीला मला तो हवाच आहे, मी 6,000 रुपये देतो.

आता सगळं एकत्र करा. आलेली वाळू 8.3 ब्रास. त्यातून ढिगाचा एक वजा केला, पॅरापेटचा अर्धा वजा केला. ठरलेल्या कामात गेली 6.8. करार सातचा. यात जादा कुठेच नाही. तुमच्या पाच ब्रासपैकी माझ्याकडे निघतो अर्धा, आणि ढीग ठेवलात तर दीड. तुमच्या माणसांनी वाळू दुसरीकडे नेली असा माझा मुळीच आरोप नाही. हिशेब जुळतोय, पण तो खेपेत जुळवला की माझ्या खिशातून जातो.

आणखी एक मागणी आहे, आणि ती मी सोडणार नाही. बाराही खेपांचे वाहतूक परवाने मला दाखवा. महाखनिज प्रणालीतून निघालेल्या परवान्यावर गाडीचा क्रमांक आणि माल किती ब्रास, दोन्ही लिहिलेलं असतं. त्यावर खेपेला एक ब्रास असेल आणि ट्रॉलीत 83 घनफूट भरत असतील, तर ते भांडण तुम्ही पुरवठादाराशी करा, मी तुमच्या बाजूने टेप घेऊन येतो. परवाने नसतीलच, तर प्रश्न माझ्या तीस हजारांपेक्षा मोठा आहे. विनापरवाना गौण खनिजावर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48 खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि गाडी जप्त होते. तसली वाळू माझ्या दारात उतरलेली मला चालणार नाही.

रविवारी सकाळी दहाला मी घरी आहे. तुमची मोजमाप वही, परवाने आणि मिस्त्रींना घेऊन या. बरणी, टेप आणि ओळंबा मी काढून ठेवतो. मोजणी एकत्र करू, आणि जो आकडा निघेल तो दोघांनी वहीत सही करून लिहू. तोपर्यंत वादातली रक्कम मी रोखून धरतो आहे, बाकी काही नाही. जिन्याच्या कठड्याचं काम तुम्हीच करायचं आहे. त्याच्या अंदाजपत्रकात वाळू ‘कोरडी, साइटवर मोजून, ब्रासमध्ये’ असं लिहून आणा.

कळावे.

आपला,
घरमालक