पर्यंत

बाजीराव रस्त्यावरचं अण्णांचं साड्यांचं दुकान पश्चिमेला तोंड करून उभं आहे. गेली चाळीस वर्षं तिथे सेल लागला की पेंटर यायचा, मांजरपाटावर लाल अक्षरं काढायचा आणि चहा पिऊन जायचा. यंदा चिरंजीव म्हणाले, ''बाबा, जमाना डिजिटलचा आहे.'' आणि शोकेसच्या काचेला अगदी नाक लावून ५५ इंची टीव्ही बसला. त्यावर गिरकी घेत मजकूर यायचा: 'सर्व साड्यांवर ५०% पर्यंत सूट'. त्यातला 'पर्यंत' खालच्या कोपऱ्यात, मुंगीच्या आकाराचा. ही अक्षरलेखनाची परंपरा तेवढी डिजिटलमध्येही टिकली.

खंडेनवमीला दुकानातल्या कात्री-गजांबरोबर टीव्हीचीही पूजा झाली. हळदकुंकू लागलं आणि झेंडूची जाड माळ वरून पाठीमागे सोडली. हवा जायच्या जाळ्या नेमक्या तिथेच होत्या, पण देवकार्यात असं कोण बघतं?

साडेतीनला ऊन शोकेसमध्ये शिरलं आणि खालच्या कोपऱ्यात एक काळा डाग उमटला. डागाने पहिला घास घेतला तो 'पर्यंत'चा. पाच मिनिटांत तीन बायका आत येऊन पैठणी निम्म्या किमतीत मागू लागल्या. ''बाहेर लिहिलंय की!'' अण्णा धावत बाहेर गेले. तोवर डागाने 'सूट' गिळली होती, मग 'साड्या', आणि चार वाजता सगळा पडदा अमावास्या.

पुढचा तास दुकानात विज्ञानयुग अवतरलं. चिरंजीवांनी रिमोटचे सेल बदलले. दिवाणजींनी पेनड्राइव्ह काढून फुंकर मारून परत घातला. कंपनीच्या फोनवरची मुलगी विचारत होती, ''सर, बंद करून चालू केलंत का?'' केलं होतं, अकरा वेळा. संध्याकाळी साडेसातला कंपनीचा मुलगा आला, तेव्हा पडद्यावर 'पर्यंत'सकट सगळं लख्ख. ''सर, चालू आहे की!'' म्हणून त्याने एक अपडेट टाकलं, भेटीचं बिल फाडलं आणि गेला. दातदुखीसुद्धा डॉक्टरांच्या दारात अशीच थांबते.

दसऱ्याला, सेलच्या पहिल्याच दिवशी, पुन्हा साडेतीन, पुन्हा डाग. या वेळी अण्णांनी मागच्या गल्लीतल्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या काकांना बोलावलं. काकांनी स्क्रू ड्रायव्हर काढलाच नाही. ''तार सुटली असती तर पडद्यावर 'No Signal' असं आलं असतं,'' ते म्हणाले. मग मोबाइलची बॅटरी काचेवर तिरकी धरून डोळा बारीक केला. ''मागचे दिवे गेले असते तर या उजेडात चित्राची अंधूक सावली दिसली असती. ती नाही. आणि कडेने उजेड झिरपतोय, म्हणजे दिवे जळताहेत. अण्णा, जरा हात लावा.'' अण्णांनी हात लावला आणि तव्यावरून काढावा तसा काढला.

काकांनी मग सांगितलं ते असं. या पडद्यात द्रवस्फटिक असतो. त्याचे रेणू शिस्तीत उभे असतात, म्हणूनच ते प्रकाशाला वळवून बाहेर सोडतात. साध्या घरगुती टीव्हीत सत्तर-ऐंशी अंशांच्या आसपास ही शिस्त मोडते, प्रकाश वळत नाही आणि तेवढा भाग काळा पडतो. गार झाला की रेणू पुन्हा रांगेत. बंद काचेमागचं ऑक्टोबरचं ऊन, वर उन्हात दिसावं म्हणून शंभर टक्क्यांवर ठेवलेला उजेड आणि पाठीवर झेंडू. रेणू तरी काय करणार? दुकानाच्या काचेत लावायचे पडदे वेगळे येतात. ते ११० अंशांपर्यंत तग धरतात आणि त्यांचा उजेड घरच्या टीव्हीच्या सात-आठ पट असतो.

''आणि किंमत?'' अण्णांनी विचारलं. काकांनी आकडा सांगितला. दिवाणजी खाली बसले.

''मग तूर्तास माळ काढा, उजेड निम्मा करा, टीव्ही काचेपासून हातभर मागे घ्या आणि उन्हाला आडोसा करा.'' मागे घ्यायला जागा नव्हती, तिथे नऊवारी नेसलेली पुतळी उभी होती आणि ती दुकानाची लक्ष्मी. राहिला आडोसा. तासाभरात मंडपवाल्याकडून निळी ताडपत्री आली आणि शोकेसवर वरपासून खालपर्यंत ताणून बांधली गेली.

डाग विरला. टीव्ही आता दिवसभर न चुकता चालतो, गिरक्या घेतो, 'पर्यंत' दाखवतो. ताडपत्रीमुळे रस्त्यावरून तो कुणालाच दिसत नाही, एवढंच. म्हणून काल अण्णांनी पेंटरला बोलावलं. त्याने ताडपत्रीवर लाल अक्षरांत 'सेल' काढलं, चहा घेतला आणि विचारलं, ''अण्णा, ते 'पर्यंत' किती बारीक काढू?''