सोबतचं पत्र

अनुदानाच्या फॉर्मात लिहायला जागा नसते. संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, मागणीची रक्कम, संपलं. एवढ्यानं मन भरत नाही, म्हणून माणूस कोरा कागद घेतो आणि 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की' असं सुरू करतो. त्या 'की'नंतर काय काय येईल, याचा नेम नसतो.

लोहारा तालुक्यातल्या एका पुनर्वसित गावाच्या वाचनालयाला पुस्तकांसाठी लोखंडी कपाटं हवी होती. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून देशभरच्या सार्वजनिक ग्रंथालयांना मदत करतं, त्याकडे प्रस्ताव पाठवायचा होता. सचिवांनी सोबतचं पत्र लिहिलं आणि 'गुरुजी, जरा नजर घाला' म्हणून माझ्याकडे दिलं. पहिल्या परिच्छेदात आई तुळजाभवानी, दुसऱ्यात तेरचे गोरोबाकाका, तिसऱ्यात ज्ञानगंगा, चौथ्यात दुष्काळ. कपाटं दुसऱ्या पानावर, सहीच्या जरा वर.

देवीबद्दल माझी काही तक्रार नाही. पण असा प्रस्ताव एका टेबलावर थांबत नाही. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांपासून पुढे चढत जातो, आणि प्रत्येक टेबलावरच्या माणसाला एवढंच बघायचं असतं की कोण, काय, किती आणि कशासाठी मागतंय. ते पहिल्या चार ओळींत सापडलं नाही, तर तो पत्र उलटून सोबतचे कागद मोजायला लागतो. दुष्काळाचं तर विचारूच नका. धाराशिव जिल्ह्यातून जाणाऱ्या कुठल्या अर्जात दुष्काळ नसतो? वाचणाऱ्याला तो पत्त्याचाच भाग वाटत असेल.

भूकंपावर मात्र आमची चर्चा रंगली. सचिवांनी ३० सप्टेंबर १९९३ वर अर्धं पान लिहिलं होतं. 'आता किती वर्षं तेच सांगायचं?' असं मी म्हटल्यावर अध्यक्ष अण्णा शांतपणे म्हणाले, 'गुरुजी, जुनी पुस्तकं ढिगाऱ्यात गेली. नव्या गावात वाचनालयाला एकच खोली मिळाली. पुस्तकं वाढली, खोली तेवढीच राहिली. म्हणून तर ती जमिनीवर हायेत, अन् वाळवी लागतीय.' झालं! अर्ध्या पानात जे सापडलं नव्हतं, ते अण्णांनी एका दमात सांगितलं. भूकंप पत्रात राहिला, पण एका वाक्यात आणि कपाटांचं कारण म्हणून.

मग रक्कम. पत्रात ७५ हजार होते. 'कसे काढले?' 'गोल आकडा बरा दिसतो.' गोल आकडा दिसतो बरा, पण वाचणाऱ्याला तो अंदाज वाटतो. तीन दरपत्रकं मागवली होती, ती फाइलमध्येच होती. सर्वांत कमी दर एका कपाटाला ११,५००. सहा कपाटांचे ६९,००० आणि वाहतुकीचे ३,०००, म्हणजे ७२,०००. त्यातले १८,००० गावानं वर्गणीतून भरायचे, असा कमिटीचा ठराव झालेला. म्हणजे मागणी ५४ हजारांची. हा आकडा पत्रात, फॉर्मात आणि अंदाजपत्रकात एकच हवा. तीन ठिकाणी तीन आकडे असले की फाइल त्रुटीच्या शेऱ्यासह परत येते, आणि ती परत आलीय हे कळायलाच महिने जातात.

'वाचनसंस्कृती रुजवण्यासाठी' हे वाक्य मी खोडलं, तेव्हा सचिवांचा चेहरा उतरला. त्याऐवजी देवघेव रजिस्टर उघडलं. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी संध्याकाळी येतात, आणि मागतात ते पुस्तक बहुतेकदा ढिगाच्या तळाशी असतं. तेवढंच लिहिलं. हे कुणीही येऊन तपासू शकतो. संस्कृती तपासायला कोण येणार?

शेवटी राहिलं नाव. लेटरहेडवर धाराशिव, शिक्क्यावर उस्मानाबाद, नोंदणीच्या दाखल्यावरही उस्मानाबाद. २०२३ मध्ये जिल्ह्याचं नाव बदललं, पण जुन्या कागदांना ते कोण सांगणार? 'दाखल्यातील उस्मानाबाद जिल्हा म्हणजेच आताचा धाराशिव जिल्हा' अशी एक ओळ टाकली. सगळ्या पत्रात रूक्ष म्हणावी अशी तीच, आणि मला सर्वांत कामाची वाटली तीही तीच.

पत्र एका पानात बसलं. आधीच्या अनुदानाचं उपयोगिता प्रमाणपत्र, लेखापरीक्षण अहवाल, ठरावाची प्रत आणि दरपत्रकं यांची यादी खाली दिली. सचिवांना अजूनही वाटतं की गोरोबाकाका असायला हवे होते. त्यांच्या समाधानासाठी पत्राच्या अगदी वर मधोमध 'श्री' तेवढा राहू दिला.

तुमच्याही गावातून असा प्रस्ताव जाणार असेल, तर पत्र हवं तसं लिहा. पण दुसरी प्रत बरोबर न्या, आणि तिच्यावर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय एसटीत बसू नका.