बिल नंबर ४१८ च्या कर्त्यास

शेठ,

१७ सप्टेंबर २०२५ रोजी बीडपर्यंत रेल्वे धावली, त्याच दिवशी मी तुमच्या दुकानात ४३ इंची टीव्हीसाठी २५,६०० रुपये रोख मोजले. बीडकरांनी त्या गाडीची किती दशकं वाट पाहिली, तेव्हा माझ्या टीव्हीनं आठवडा घेतला तर बिघडलं कुठं! तुम्ही म्हणालात, "पीस अहिल्यानगरहून मागवावा लागेल." हातात कच्ची पावती दिलीत : २०,००० अधिक २८ टक्के जीएसटी. मी विचारलं होतं, "शेठ, २२ तारखेपासून ३२ इंचांच्या वरच्या टीव्हीवर १८ टक्केच लागणार म्हणतात, तोवर थांबू का?" तुम्ही हसलात. "गुरुजी, पेपरातलं काय खरं धरता? भाव तोच राहणार."

भाव तोच राहिला. फक्त माझ्यापुरता.

टीव्ही २४ तारखेला आला. तोवर घटस्थापना झाली होती, नवा दर लागू होऊन दोन दिवस उलटले होते, आणि तुमच्या दारावरच्या फलकावर तोच टीव्ही २३,६०० ला होता. टीव्हीबरोबर पक्कं बिल आलं, त्यावर तारीख १७ सप्टेंबर आणि कर २८ टक्के. अक्षर मात्र सुरेख आहे हं तुमचं.

आता तुमच्याच व्यवसायातलं तुम्हाला सांगतो, राग मानू नका. दर बदलतो तेव्हा तीन तारखा पाहतात : माल कधी दिला, बिल कधी केलं, पैसे कधी घेतले. यातल्या दोन नव्या दराच्या बाजूला असतील तर नवा दर लागतो. तुम्ही १७ तारखेलाच माल हातात देऊन पक्कं बिल केलं असतं, तर मी मुकाट्यानं २८ टक्के सोसले असते. सरकारनं नंतर दर उतरवला म्हणून दुकानदारानं फरक परत द्यावा, असा कायदा नाही. शेजारच्यांनी १० तारखेला टीव्ही घेतला, ते रडत बसलेत. त्यांचं रडणं रास्त आहे, दावा मात्र नाही. माझं तसं नाही. माझे पैसे आधीचे, पण माल २४ चा. राहिलं बिल.

तर बिलाकडे वळू. समोरच्या वहिनींनी २३ तारखेला तुमच्याकडून मिक्सर घेतला, त्यांचा बिल नंबर ४१२. माझा, म्हणजे १७ तारखेचा, ४१८. बिलं क्रमानं काढावी लागतात, शेठ. सहा आकडे पुढं जाऊन सहा दिवस मागं येण्याची विद्या तुम्ही कुठं शिकलात? आमच्या शाळेत गणिताची जागा रिकामी आहे.

विचारायला आलो तर म्हणालात, "जुना स्टॉक आहे, आम्ही २८ टक्के भरून घेतलाय." ऐकून डोळे पाणावले. पण कर विक्रीच्या वेळचा लागतो, खरेदीच्या वेळचा नव्हे. समजा तुम्हाला तो टीव्ही १८,००० अधिक कर असा पडला. त्यावर भरलेले ५,०४० तुमच्या खात्यात जमा आहेत. मला १८ टक्क्यांनी विकलात तर ३,६०० द्यायचे, ते त्यातूनच वळते होतात आणि उरलेले १,४४० पुढच्या विक्रीच्या करात वापरता येतात. पैसे काही दिवस अडकतील, बुडत नाहीत. बुडाले ते माझे दोन हजार.

एक मान्य करतो. पावतीवर नुसतं "२५,६०० सर्व करांसह" असं लिहिलं असतंत, तर एकूण किंमतच तेवढी ठरली होती म्हणून तुम्ही वाद घातला असता आणि माझी बाजू लंगडी पडली असती. पण तुम्ही कर वेगळा लिहिलात. प्रामाणिकपणा असा कधीकधी नजरचुकीनं होतो. ती पावती मी जपून ठेवलीय.

तुमच्या गणपतीतल्या कुपनाचंही सांगायलाच हवं. "५०० रुपये सूट, कोणत्याही टीव्हीवर" असं त्यावर छापलंय. गल्ल्यावर कळलं, की ऑफरच्या टीव्हीवर ते चालत नाही. ही अट कुपनाच्या पुढच्या बाजूला नाही, मागच्या बाजूला तुमच्या भावाच्या हॉटेलची जाहिरात आहे.

जास्तीचा कर लावला गेला असेल तर क्रेडिट नोट काढून तो परत देता येतो, हे तुमच्या अकाउंटंटला विचारा. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करू शकतो. बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी लागत नाही, आणि आता तिथं रेल्वेही जाते.

सोमवारी शाळा सुटल्यावर येतो. २,००० कराचे, ५०० कुपनाचे. सुटे नसले तरी चालतील.

आपला,
बिल नंबर ४१८
आष्टी, जि. बीड