भाडे मिळाले, धन्यवाद

आम्ही विरार पश्चिमेला बोळिंजमध्ये भाड्याने राहतो आणि आमचे घरमालक काका आगाशीला स्वतःच्या वाडीत. महिन्याच्या सुरुवातीला त्यांचा मुलगा स्कूटरवरून येतो, 14,000 रुपये रोख मोजून घेतो आणि रात्री काकांकडून व्हॉट्सॲपवर पावतीचा फोटो येतो. वहीच्या कागदावर ‘भाडे मिळाले. धन्यवाद.’ आणि खाली झोकदार सही. फोटोच्या कडेला काकांचा अंगठा. किती मिळाले, कुठल्या महिन्याचे, कोणाकडून, याबाबत मौन.

जानेवारीत ऑफिसने घरभाडे भत्त्याचे पुरावे मागितले तेव्हा मी हे फोटो छापून दिले. अकाउंट्समधल्या बाईंनी तीन प्रती शेजारी शेजारी मांडल्या आणि विचारलं, “तिन्ही महिन्यांत चहाच्या कपाचा डाग एकाच जागी कसा?”

पावती काकांनी एकदाच लिहिली होती. दर महिन्याला तीच पुढे पाठवत होते. आणि खरं सांगायचं तर तिच्यात खोटं काहीच नव्हतं. रक्कम नाही, महिना नाही, म्हणजे ती पावती जन्मभर चालणारी. बाई मात्र म्हणाल्या, “ही तर उद्या नालासोपाऱ्यातलं कोणीही आणून देईल.”

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर मी अजून जुन्या करपद्धतीत आहे. माझं मूळ वेतन 40,000. भाड्यातून त्याचे दहा टक्के, म्हणजे 4,000 वजा केले की उरतात 10,000. मिळणारा भत्ता 16,000 आणि वेतनाचे 40 टक्केही तेवढेच. (मुंबईकरांना 50 टक्के, लोकल तीच, पण विरार त्या मुंबईत धरत नाहीत.) या तिन्हींत सर्वांत लहान आकडा करमुक्त, म्हणजे वर्षाला 1,20,000. वीस टक्क्यांनी माझे 24,000 रुपये त्या चहाच्या डागाखाली अडकले होते.

एका वकील मित्राने सल्ला दिला, “महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 26 लाव. पावती न देणाऱ्या मालकाला रोज 100 रुपयांपर्यंत दंड!” ऐकून छाती फुगली. मग करार काढून वाचला. तो लिव्ह अँड लायसन्सचा. म्हणजे कागदोपत्री मी भाडेकरू नव्हेच, नुसता परवानाधारक; त्यावरूनच वाद सुरू झाला असता. शिवाय करार अकरा महिन्यांचा. मालकाला कलम दाखवलं, तर बाराव्या महिन्यात तो दार दाखवतो. म्हणून शेवटी असं लिहिलं :

“ती. काकांस सा. न. वि. वि. आपण पाठवत असलेल्या पावतीत आपला अंगठा स्पष्ट दिसतो, परंतु रक्कम व कालावधी दिसत नाही. कृपया प्रत्येक महिन्याची वेगळी पावती द्यावी. तीत माझे नाव, फ्लॅटचा पत्ता, ‘रु. 14,000 (अक्षरी चौदा हजार) रोख’, ‘दि. 1 ते 31 डिसेंबरचे भाडे’ असा मजकूर, पैसे मिळाल्याची तारीख आणि आपली सही असावी. रोख रक्कम 5,000 च्या वर असल्याने एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लागेल. तिकिटे सोबत जोडली आहेत. वर्षाचे भाडे एक लाखाच्या वर जात असल्याने आपला पॅन नंबरही लागेल. कळावे.”

पत्र मिळताच काकांचा फोन आला. तिकिटांबद्दल आभार मानून म्हणाले, “पावतीवर सगळं लिहून दिलं की लोक घर बळकावतात.” ही भीती पागडीच्या काळातली. तेव्हा भाडेपावती हाच भाडेकरूचा मोठा पुरावा असे आणि जुने मालक ती हात आखडूनच देत. पण आमचा करार नोंदणी केलेला. मी कोण आणि कधी निघणार हे त्यातच लिहिलंय. पावतीने फक्त पैसे दिल्याचं सिद्ध होतं. त्यात काकांचाही फायदा : उद्या मी मार्चचं भाडं बुडवून “दिलं होतं” म्हणालो, तर बिनमहिन्याची पावती माझ्याच बाजूने बोलेल. हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले.

दुसरी भीती पॅनची. तीही कागदावर मांडून दाखवली. 1,68,000 भाड्यातून 30 टक्के सरसकट वजावट गेली की उरतात 1,17,600. वाडीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही आणि काकांना दुसरी मिळकत नाही. म्हणजे कर शून्य.

आठवड्याने पावत्या आल्या. प्रत्येक महिन्याची वेगळी, तिकिटावर आडवी सही, रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत. बाईंनी भिंगातून पाहाव्यात तशा पाहिल्या आणि शिक्का मारला.

तेव्हा वाचकहो, तुमचा मोबाइल आत्ताच उघडा आणि मालकाने पाठवलेले फोटो एकाखाली एक लावून बघा. रक्कम आणि महिना दिसत नसेल, तर जानेवारीची वाट न बघता पत्र लिहा. त्याची पोच मात्र घ्या, आणि पोचेवर तारीख आहे ना, तेवढं तपासा.